पहिला आकडा आणि त्याचा नांगर

खरेदी-विक्रीच्या बोलणीत जो आकडा सर्वांत आधी उच्चारला जातो, तो नंतरच्या सगळ्या आकड्यांना आपल्याकडे ओढतो. तो वाजवी असो वा नसो, ऐकणाऱ्याला पटो वा न पटो, ओढ लागतेच. मानसशास्त्रात याला ‘अँकरिंग’ म्हणतात. अँकर म्हणजे जहाजाचा नांगर. नांगर टाकलेले जहाज वाऱ्याबरोबर फिरते, पण दोरखंड पुरेल तेवढेच. माणसाचा अंदाजही पहिल्या आकड्यापासून दूर सरकतो, पण पुरेसा सरकत नाही.

अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जो लेख लिहिला, त्यातला एक प्रयोग या विषयाचा पाया मानला जातो. सहभागी व्यक्तींसमोर आकडे असलेले एक चाक फिरवले जाई. मग त्यांना विचारले जाई: संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांत आफ्रिकी देशांचे प्रमाण या आकड्याहून जास्त आहे की कमी? आणि नेमके किती टक्के असेल? चाक १० वर थांबलेल्यांचा मधला अंदाज २५ टक्के होता, ६५ वर थांबलेल्यांचा ४५ टक्के. चाकाचा आफ्रिकेशी काही संबंध नाही, हे समोर दिसत होते. तरीही अंदाजात वीस टक्क्यांचा फरक पडला.

हा परिणाम अनभिज्ञ लोकांपुरता आहे, जाणकारांना तो बाधत नाही, असे वाटणे साहजिक आहे. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमके हेच तपासले. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टूसॉन शहरातले एक खरे घर त्यांनी स्थानिक इस्टेट एजंटांना दाखवले. एजंटांनी घर फिरून पाहिले, आजूबाजूच्या घरांच्या किमतींसह सगळी माहिती त्यांच्या हातात होती. फरक एकच ठेवला होता, मालकाने ‘मागितलेल्या’ किमतीचा. काहींच्या कागदावर ती ६५,९०० डॉलर होती, काहींच्या कागदावर ८३,९००. पहिल्या गटाने घराची किंमत सरासरी ६८ हजारांच्या आसपास काढली, दुसऱ्याने ७५ हजारांच्या आसपास. घर तेच, माहिती तीच, पण केवळ मागणीच्या आकड्याने रोज हेच काम करणाऱ्यांचे मूल्यांकन सात हजार डॉलरने हलले. मूल्यांकन करताना कशाचा विचार केला, असे विचारल्यावर बहुतेक एजंटांनी मागणीच्या किमतीचे नावही घेतले नाही. ज्याच्यावर परिणाम होतो, त्याला तो जाणवत नाही. या विषयातली खरी अडचण हीच आहे.

असे का होते, याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण फ्रिट्झ स्ट्राक आणि थॉमस मुसवायलर या जर्मन संशोधकांनी दिले. आकडा कानावर पडला की मन तो खरा असू शकेल का, हे तपासू लागते, आणि तपासताना आधी त्याच्या बाजूचे पुरावे गोळा करते. फ्लॅटची किंमत खूप मोठी सांगितली गेली, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पूर्वेची बाल्कनी, जवळची शाळा आणि येऊ घातलेली मेट्रो येते. तीच किंमत खूप लहान सांगितली, तर भिंतीची ओल आणि पार्किंगची चणचण आठवते. शेवटी अंदाज बांधताना जे पुरावे मनात वर आलेले असतात, त्यांचाच हिशेब होतो. मोठा आकडा थेट मत बदलत नाही. डोळ्यांना काय दिसावे, हे तो ठरवतो. पुढे दिलेल्या उपायांपैकी जे खरोखर चालतात, ते सगळे या एका कारणावर बेतलेले आहेत.

घराचा सौदा हे याचे सर्वांत चांगले उदाहरण, कारण रक्कम मोठी असते, सौदा आयुष्यात एकदा-दोनदाच होतो आणि समोरचा बहुधा सरावलेला असतो. समजा, पुण्याच्या एका उपनगरात पंधरा वर्षे जुन्या इमारतीत ६५० चौरस फूट चटई क्षेत्राचा फ्लॅट विकायचा आहे. खरेदीदार कुटुंब फ्लॅट पाहते, चहा होतो आणि मालक सांगतात, “एक पंधरा.” म्हणजे एक कोटी पंधरा लाख.

हा आकडा आक्रमक आहे की नाही, हे तो ऐकल्यानंतर ठरवता येत नाही. तेव्हा फार उशीर झालेला असतो. ते आधी ठरवावे लागते. महाराष्ट्रात त्याची चांगली सोय आहे, पण खरेदीदार ती फारशी वापरत नाहीत. नोंदणी झालेल्या प्रत्येक खरेदीखताचा गोषवारा ‘सूची क्रमांक दोन’ म्हणजे ‘इंडेक्स टू’ या नोंदीत असतो. त्यात व्यवहाराची तारीख, क्षेत्रफळ, मोबदल्याची रक्कम आणि सरकारी दराने काढलेले बाजारमूल्य दिलेले असते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’मध्ये गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक टाकून ही नोंद शोधता येते. समजा त्याच सोसायटीत मागच्या चौदा महिन्यांत तीन व्यवहार सापडले: ६५० फुटांचा एक फ्लॅट ८१ लाखांना, तेवढाच दुसरा ८४ लाखांना आणि ७१० फुटांचा तिसरा ९३ लाखांना. चटई क्षेत्रावर फुटाचा दर १२,५०० ते १३,१०० पडला. त्या दराने हा फ्लॅट ८१ ते ८५ लाखांचा ठरतो. “एक पंधरा” म्हणजे फुटाला १७,७०० रुपये.

इथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. रेडी रेकनरचा दर हा मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी सरकारने ठरवलेला दर आहे. बाजारभाव त्याच्या वरही असतो, कधी खालीही. दुसरे म्हणजे जाहिरातीतल्या किमती. संकेतस्थळांवर शेजारच्या इमारतींतले फ्लॅट सव्वा कोटीला दिसतात, पण त्या मागण्या आहेत, सौदे नव्हेत. दहा मालकांनी टाकलेले दहा नांगर पाहून बाजार कळत नाही. नोंदलेल्या व्यवहारांनाही एक मर्यादा आहे. काही पैसे रोखीत दिले गेले असतील, तर नोंदीतला आकडा खऱ्यापेक्षा कमी असतो. म्हणून एका व्यवहारावर विसंबू नये, तीन-चार पाहावेत आणि त्यांतला एखादा फार वेगळा पडला तर बाजूला ठेवावा.

या माहितीवरून खरेदीदाराने भेटीला जाण्याआधी तीन आकडे कागदावर लिहायचे असतात. पहिला, सौदा सोडून द्यायची मर्यादा. ती इच्छेवरून ठरत नाही, हा सौदा फिसकटला तर हातात काय उरते त्यावरून ठरते. समजा शेजारच्या गल्लीत तेवढाच फ्लॅट ८३ लाखांना मिळतो आहे, पण त्याच्या स्वयंपाकघराला आणि न्हाणीघराला चार लाखांचा खर्च आहे. म्हणजे तो ८७ लाखांना पडतो. मग या फ्लॅटला ८७ च्या वर जाण्यात अर्थ नाही. दुसरा आकडा लक्ष्याचा: ८२. तिसरा, स्वतःच्या पहिल्या बोलीचा. सर्वांत स्वस्त व्यवहार ८१ लाखांचा झाला आहे आणि या फ्लॅटचे जुने वायरिंग व नळकाम बदलायला तीन लाख लागतील, म्हणून ७८. बोली कमी आहे, पण तिच्यामागचे कारण एका वाक्यात सांगता येते. कमी बोली आणि उथळ बोली यांत हाच फरक आहे.

ॲडम गॅलिन्स्की आणि थॉमस मुसवायलर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या तयारीला आधार देतात. त्यांच्या प्रयोगांत जो पक्ष पहिली बोली करी, त्याला सौद्यात सरस भाव मिळे. पण दुसऱ्या पक्षाने उत्तर देण्याआधी स्वतःच्या लक्ष्यावर, किंवा सौदा मोडला तर समोरच्याकडे कोणते पर्याय उरतात यावर मन एकाग्र केले, की पहिल्या बोलीचा फायदा नाहीसा होई. तीन आकडे लिहिलेला कागद नेमके हेच काम करतो. मनाला टेकायला दुसरी जागा मिळते.

आता “एक पंधरा” कानावर पडले आहे. तयारी नसलेला खरेदीदार इथे काय करतो, ते आधी पाहू. तो दचकतो, मग समजूतदारपणे म्हणतो, “फारच होतात, पंचाण्णवपर्यंत काहीतरी जमवा.” पंचाण्णव हा आकडा त्याने कुठून आणला? बाजारातून नव्हे, एक पंधरातून वीस वजा करून. मालक एक पाचवर येतात, तो सत्त्याण्णवला जातो, एजंट म्हणतो, “दोघांचं राहू द्या, अठ्ठ्याण्णवला तोडू.” घरी जाताना खरेदीदाराच्या मनात सतरा लाख वाचवल्याचा आनंद असतो. प्रत्यक्षात त्याने स्वतःच्या मर्यादेपेक्षा अकरा लाख जास्त कबूल केलेले असतात. एक पंधरा कुणालाही मिळणारच नव्हते, तेव्हा त्या आकड्यापासून मोजलेली बचत ही बचत नव्हे.

वाटाघाटींचे अभ्यासक हॉवर्ड रायफा यांनी १९८२ मधल्या आपल्या पुस्तकात एक निरीक्षण नोंदवले आहे. दोन्ही बाजूंच्या पहिल्या बोल्यांचा मध्यबिंदू जर दोघांनाही परवडणाऱ्या पट्ट्यात पडत असेल, तर सौदा बहुधा त्या मध्याच्या आसपास तुटतो. आपल्याकडचे “अर्ध्यावर या” हे त्याचेच रोजचे रूप. आता हिशेब करून पाहावा. मालकांना आतून ८० लाखांपर्यंत चालणार आहे असे धरू. खरेदीदाराला ८७ पर्यंत चालते. म्हणजे पट्टा ८० ते ८७ चा. एक पंधराला खरेदीदाराने ७८ असे उत्तर दिले, तर मध्य ९६.५ वर पडतो, पट्ट्याच्या साडेनऊ लाख वर. मध्य ८२ वर आणायचा झाला, तर बोली ४९ लाखांची करावी लागेल. तेवढ्याला फ्लॅट मागणाऱ्याला मालक दारातूनच परत पाठवतील. यावरून एक महत्त्वाची गोष्ट कळते. जो आकडा पट्ट्यापासून फार दूर आहे, त्याच्यासमोर नुसता उलटा आकडा ठेवून भागत नाही. आधी तो आकडा टेबलावरून उचलावा लागतो, मगच आपला ठेवायचा.

हे करण्याची पहिली पायरी म्हणजे त्या आकड्याभोवती बोलणे वाढू न देणे. “एक पंधरा? एवढे कसे काय?” हा प्रश्न तोंडात पटकन येतो आणि तोच सर्वांत महाग पडतो. कारण मालक आता एक पंधरा का, हे सांगू लागतात: मॉड्युलर किचन, गार्डनचा व्ह्यू, वरच्या मजल्यावरच्यांना आलेली ऑफर. ऐकणाऱ्याच्या मनात मोठ्या आकड्याच्या बाजूचे पुरावे एकेक करून रचले जातात, तेही त्याच्याच विनंतीवरून. त्याऐवजी एकच प्रश्न विचारावा: “या फ्लॅटबद्दल आम्हाला माहीत नसलेलं काही आहे का?” दोन्ही प्रश्न जवळचे वाटतात, पण पहिला आकड्याचे समर्थन मागतो आणि दुसरा माहिती मागतो.

माहिती खरोखरच निघू शकते. मालक म्हणतात, “सोसायटी रिडेव्हलपमेंटला जातेय.” हे खरे असेल तर फ्लॅटचे मोल बदलते, कारण नव्या इमारतीत वाढीव क्षेत्र मिळण्याची शक्यता असते. पण कोणत्या टप्प्यावर आहे, हे विचारले पाहिजे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खालच्या निर्देशांप्रमाणे सर्वसाधारण सभेचा ठराव झाला आहे का? विकासक नेमला आहे का? त्याच्याशी करार झाला आहे का? कागद असतील तर खरेदीदाराने घरी जाऊन मर्यादा नव्याने काढावी, आणि ती ८७ वरून वर गेली तर त्यात काही चूक नाही. जिन्यात चाललेल्या चर्चेपलीकडे काही नसेल, तर ८७ हेच ८७.

नांगर लागला आहे की नाही, हे ओळखण्याची खूणही हीच. भेटीआधी लिहिलेली मर्यादा आणि भेटीनंतर मनात असलेली मर्यादा ताडून पाहावी. दोन्हींत फरक पडला असेल, तर मधल्या वेळात कोणती नवी वस्तुस्थिती कळली, हे बोट ठेवून सांगता आले पाहिजे. “बाजार बराच वर गेलेला दिसतोय” किंवा “फ्लॅट तसा छान आहे” एवढेच सांगता येत असेल, तर आकडा माहितीने सरकलेला नाही, ओढीने सरकला आहे. कागदावर लिहून ठेवणे इथेच कामाला येते. मनातला आकडा आपण आधीपासून इतकाच धरला होता, असे माणूस स्वतःला सहज पटवून देतो.

दुसरी पायरी मनातल्या मनात करायची आहे. मुसवायलर, स्ट्राक आणि टिम फायफर यांनी २००० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा वर्षे जुनी ओपेल काडेट गाडी घेऊन त्यांचा माणूस जर्मनीतल्या गॅरेजवाल्यांकडे आणि जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांकडे गेला. कुणाला तो म्हणे, ही २,८०० मार्कांची असावी असे मला वाटते, कुणाला म्हणे ५,००० ची. जाणकारांचे अंदाज त्या त्या आकड्याकडे झुकले. पण काहींना त्याने आणखी एक वाक्य ऐकवले: माझा एक मित्र म्हणतो की ही किंमत चुकीची आहे, तिच्याविरुद्ध काय सांगता येईल? जाणकारांनी तशी कारणे सांगितली आणि त्यानंतर दोन गटांच्या अंदाजांतली दरी बरीच कमी झाली. पूर्ण मिटली नाही, पण कमी झाली. मोठा आकडा ज्या पुराव्यांना झाकतो, ते मुद्दाम बाहेर काढले की तोल पुष्कळसा परत येतो.

खरेदीदाराने उत्तर देण्याआधी हेच करायचे. एक पंधरा जास्त का आहेत, याची कारणे स्वतःशी मांडायची: वायरिंग पंधरा वर्षांचे, लिफ्ट एकच, पार्किंग उघड्यावर, त्याच इमारतीत तीन सौदे तेरा हजार शंभरच्या आत. हे समोर बसून जमत नसेल तर उठावे. “घरी बोलून कळवतो” यात कमीपणा काही नाही. ‘आपण सावध राहू’ असे नुसते ठरवण्याचा मात्र फारसा उपयोग होत नाही. टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना या परिणामाची आधीच सूचना दिली होती, अचूक उत्तराला बक्षीसही ठेवले होते. तरी परिणाम गेला नाही. सावधपणाने काम होत नाही, उलट बाजूची नेमकी कारणे मोजल्याने होते.

तिसरी पायरी बोलण्याची. इथे तीन गोष्टी एका दमात याव्या लागतात: तो आकडा पाया म्हणून मान्य नाही हे सांगणे, आपला आकडा ठेवणे आणि त्याचा आधार देणे. शब्द साधारण असे असावेत: “काका, त्या आकड्यावरून बोलणं सुरू केलं तर आपली गाठ पडणार नाही. बाहेर जाहिरातींत तसे भाव दिसतात, ते मी पाहिलेत. पण तुमच्याच सोसायटीत गेल्या चौदा महिन्यांत तीन फ्लॅट नोंदले गेले, चटईवर साडेबारा ते तेरा हजार शंभरच्या दराने. इथलं वायरिंग आणि नळ बदलावे लागतील. त्या हिशेबाने आमचे अठ्ठ्याहत्तर बसतात.”

या बोलण्यात “एक पंधरा” हे शब्द नाहीत, हे लक्षात घ्यावे. नाकारण्यासाठी जरी आकडा पुन्हा उच्चारला, तरी तो दोघांच्या मनात ताजा होतो. गुरांच्या बाजारात जुने व्यापारी हातावर रुमाल टाकून त्याखाली बोटांनी सौदा करत, आकडा तोंडाने निघतच नसे. उद्देश गुप्ततेचा, पण भोवती उभ्या गिऱ्हाइकांच्या मनात पहिला आकडा रुतून बसू नये, हेही त्यातून आपोआप साधत असे. दुसरी लक्षात घेण्याची गोष्ट म्हणजे बोलणे एकूण रकमेवरून फुटाच्या दरावर आले. एक पंधरा हा मालकांचा आकडा होता, तेरा हजार हा त्यांच्याच शेजाऱ्यांच्या सौद्यांचा आहे. आणि तिसरी, जाहिरातींचा उल्लेख. त्याने मालकांना माघार घ्यायला सभ्य वाट मिळते. त्यांनी लबाडी केली असे कुणी म्हटलेले नाही, त्यांनी जाहिराती पाहून आकडा लावला, एवढेच. ज्याला वाट मिळत नाही तो आकड्याला चिकटून बसतो. म्हणून “काय थट्टा करता!” असे म्हणून उसळणे न्याय्य असले तरी उपयोगाचे नाही.

बँकेचे मूल्यांकन हा आणखी एक आधार आहे, आणि त्याच्याशी मालकांनाही वाद घालता येत नाही. गृहकर्ज देताना बँक आपल्या मूल्यांकनकाराकडून किंमत काढून घेते आणि साधारणपणे करारातली किंमत व मूल्यांकन यांत जी कमी असेल ती धरते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते. मूल्यांकन ८४ लाखांचे आले, तर कर्ज जास्तीत जास्त ६७ लाख २० हजार. मग सौदा ८४ ला झाला तर पदरचे १६ लाख ८० हजार लागतात, ९८ ला झाला तर ३० लाख ८० हजार. वरचे चौदा लाख पूर्णपणे खिशातून जातात. हे मालकांना शांतपणे सांगता येते, आणि स्वतःलाही.

आता देवाणघेवाण सुरू होते, आणि नांगर दुसऱ्यांदा ओढतो तो इथेच. मालक एक पंधरावरून एक पाचवर येतात. दहा लाख सोडले! अशा वेळी समोरच्यालाही काहीतरी सोडावेसे वाटते. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ही प्रवृत्ती प्रयोगातून दाखवली. आधी मोठी, नाकारली जाईलच अशी विनंती करून मग लहान विनंती केली, तर लहान विनंतीला होकार देणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले. माघार ही भेटीसारखी वाटते आणि भेटीची परतफेड करावीशी वाटते. पण एक पाच हा आकडाही मर्यादेच्या अठरा लाख वर आहे. मालकांनी ते दहा लाख सोडलेले नाहीत, कारण ते त्यांचे कधी नव्हतेच. त्यांचा आकडा ८७ च्या खाली येऊ लागेल, तेव्हापासूनची पावले खरी.

म्हणून खरेदीदाराने आपली पावले आपल्या आकड्यापासून मोजावीत आणि ती आखूड होत जावीत: ७८ वरून साडेऐंशी, मग ८२, मग पाऊण लाख वर. आखूड होत जाणारी पावले मर्यादा जवळ आल्याचे न बोलता सांगतात. प्रत्येक पावलाच्या बदल्यात काही मागावे: पार्किंगचे कागद, सोसायटीचे ना-हरकत पत्र वेळेत, कपाटे आहेत तशी. मालकांच्या गरजेतले काही देता येत असेल तर ते पैशांहून स्वस्त पडते. त्यांना दुसरे घर घ्यायचे असेल आणि तीन महिन्यांत पैसे हवे असतील, तर वेळेवर रक्कम देण्याची लेखी हमी लाखभराच्या वाढीपेक्षा त्यांना जास्त मोलाची वाटू शकते. “अर्ध्यावर तोडू” असे एजंट म्हणाला, तर कशाचे अर्धे, हे विचारावे. मध्य पट्ट्याच्या आत पडत असेल तर मान्य करायला हरकत नाही.

एजंट अनेकदा “एक तेरा पंचाहत्तर” असा बारीक आकडाही आणतो. मॅलिया मेसन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले, की असे नेमके आकडे गोल आकड्यांहून जास्त ओढतात, कारण ऐकणाऱ्याला वाटते की हिशेब करूनच काढले असतील. ते पंचाहत्तर हजार कशाचे, हे सांगता आले नाही, तर तोही गोल आकड्याइतकाच हवेतला.

या सगळ्याला मर्यादा आहेत. तुलनेचे व्यवहारच नाहीत, उदाहरणार्थ गावाकडची सुटी जमीन किंवा एखादा जुना वाडा, तिथे “तुमचा आकडा चुकीचा” असे ठामपणे म्हणण्याला आधार नसतो. तिथे आधी नोंदणीकृत मूल्यांककाकडून अहवाल घ्यावा आणि बोलणी पुढे ढकलावीत. कधी मागणी मोठी दिसते, पण खरी असते: दुसरा गिऱ्हाईक तेवढे देणार असतो. अशा वेळी नांगर समजून अडून बसलेल्याच्या हातून फ्लॅट जातो, आणि मर्यादेच्या वर गेलेला असेल तर तो जाणेच बरोबर. खरेदीदाराची आक्रमक बोलीही दुखावते. फार खाली मागितले तर ज्याच्याकडे पर्याय थोडे आहेत, असा विक्रेतासुद्धा अपमान वाटून उठून जातो. ७८ चालले ते कारणासकट आले म्हणून, ६० चालले नसते.

हाताशी तुलनेचे व्यवहार असतील, तर खरेदीदाराने आकडा सांगण्यात पुढाकार घ्यायलाही हरकत नाही. “आधी तुम्ही सांगा” हा आपल्याकडचा शिष्टाचार विक्रेत्याच्या पथ्यावर पडतो. ज्याला बाजार माहीत आहे, त्याने पहिला बोलावे. ज्याला माहीत नाही, त्याने पहिले बोलू नये आणि त्या दिवशी टोकनही देऊ नये.

समजा, दोन आठवड्यांनी मालक ८९ वर येऊन थांबतात. एजंटचा फोन येतो: सव्वीस लाख उतरवले, आता दोन लाखांसाठी काय ताणायचे? कागदावर ८७ लिहिलेले आहे. मधल्या काळात रिडेव्हलपमेंटचा ठराव निघालेला नाही, तीन व्यवहारांत चौथ्याची भर पडलेली नाही. शेजारच्या गल्लीतला फ्लॅट अजून ८३ ला आहे आणि त्याचे काम चार लाखांत होते. ८९ ला होकार दिला, तर सव्वीस लाख वाचत नाहीत, दोन लाख जातात.